विद्राव्यतेचा आलेख कसा वाचावा

ठरावीक तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात एखादा क्षार जास्तीत जास्त जितका विरघळतो, तितक्या ग्रॅमना त्या क्षाराची त्या तापमानाची विद्राव्यता म्हणतात. तापमान बदलले की हा आकडा बदलतो. आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर विद्राव्यता घेऊन हे आकडे मांडले आणि मिळालेले बिंदू जोडले की विद्राव्यतेचा वक्र तयार होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८१९ मध्ये अनेक क्षारांची मोजमापे करून असे वक्र मांडले होते. शाळेच्या पुस्तकात अनेक क्षारांचे वक्र एकाच आलेखात दिलेले असतात. त्यांपैकी तीन ओळखीचे पदार्थ घेतले तरी आलेख वाचण्याची पद्धत स्पष्ट होते: सोरा, म्हणजे पोटॅशिअम नायट्रेट, खाण्याचे मीठ, म्हणजे सोडिअम क्लोराइड, आणि नवसागर, म्हणजे अमोनिअम क्लोराइड. त्यांची विद्राव्यता पूर्णांकात अशी आहे:

| तापमान (अंश सेल्सिअस) | सोरा | मीठ | नवसागर |
|---|---|---|---|
| ० | १३ | ३६ | २९ |
| २० | ३२ | ३६ | ३७ |
| ४० | ६४ | ३७ | ४६ |
| ६० | ११० | ३७ | ५५ |
| ८० | १६९ | ३८ | ६६ |

रेषेवर, रेषेखाली, रेषेच्या वर

वक्रावरचा प्रत्येक बिंदू संपृक्त द्रावण दाखवतो. त्या तापमानाला त्या पाण्यात आणखी क्षार मावत नाही. सोऱ्याचा वक्र पाहिला तर ४० अंशांना ही मर्यादा ६४ ग्रॅम आहे. त्या तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम सोरा टाकला, तर तो बिंदू रेषेच्या खाली पडतो. द्रावण असंपृक्त असते आणि त्यात आणखी १४ ग्रॅम सोरा विरघळू शकतो. तितक्याच पाण्यात ८० ग्रॅम टाकला, तर बिंदू रेषेच्या वर जातो. अशा वेळी ६४ ग्रॅम सोरा विरघळतो आणि उरलेला १६ ग्रॅम तळाशी राहतो, कितीही ढवळले तरी.

रेषेच्या वरच्या भागातही कधीकधी स्वच्छ द्रावण मिळते. गरम द्रावण न हलवता सावकाश थंड केले, तर मर्यादा ओलांडली तरी स्फटिक लगेच पडत नाहीत. हे अतिसंपृक्त द्रावण होय. त्यात त्याच क्षाराचा एक कण टाकला किंवा काचकांडीने भांड्याची आतली बाजू घासली की जादा क्षार झपाट्याने बाहेर पडतो.

उंची आणि चढ

एखाद्या तापमानाला रेषा किती उंचीवर आहे, यावरून तो क्षार किती विरघळतो ते कळते. रेषेचा चढ त्याहून वेगळी गोष्ट सांगतो. द्रावण थंड केल्यावर किती क्षार परत मिळेल, ते चढावरून ठरते. ८० अंशांना संपृक्त असलेले सोऱ्याचे द्रावण २० अंशांपर्यंत थंड केले, तर दर १०० ग्रॅम पाण्यामागे १६९ वजा ३२, म्हणजे १३७ ग्रॅम सोरा स्फटिकरूपात बाहेर येतो. मिठाच्या बाबतीत हाच फरक फक्त २ ग्रॅम भरतो. त्यामुळे मिठाचे द्रावण थंड करून मीठ मिळवणे व्यवहार्य नाही. ते मिळवायचे तर पाणीच काढून टाकावे लागते, आणि म्हणूनच कोकण किनाऱ्यावरच्या मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हात आटवतात.

सोऱ्याची रेषा मिठाच्या रेषेला २४ अंशांच्या आसपास छेदते. त्या तापमानाला दोन्ही क्षार स्वतंत्र पाण्यात सारखेच विरघळतात. त्याखाली मीठ अधिक विद्राव्य असते आणि त्यावर सोरा. म्हणून ‘या दोन क्षारांत जास्त विद्राव्य कोणता?’ या प्रश्नाला तापमान सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

चढातला हा फरक उष्णतेमुळे पडतो. सोरा पाण्यात विरघळताना बरीच उष्णता शोषून घेतो. परीक्षानळी हातात धरली तर ती गार पडलेली लगेच जाणवते. जी क्रिया उष्णता शोषते, तिला तापमान वाढवल्याने चालना मिळते, म्हणून सोऱ्याची रेषा वर झेपावते. मीठ विरघळताना फारच थोडी उष्णता शोषली जाते, म्हणून त्याची रेषा जवळजवळ आडवी राहते. नवसागर या दोहोंच्या मधला आहे, उष्णतेच्या बाबतीतही आणि चढाच्या बाबतीतही.

एक उदाहरण: मीठ मिसळलेला सोरा

समजा, ५० ग्रॅम सोऱ्यात ५ ग्रॅम मीठ मिसळले आहे आणि शुद्ध सोरा वेगळा काढायचा आहे. हे मिश्रण ५० ग्रॅम पाण्यात घालून ६० अंशांपर्यंत तापवायचे. पाणी १०० ग्रॅमच्या निम्मे असल्याने आलेखावरचे आकडेही निम्मे करायचे. ६० अंशांना या पाण्यात ५५ ग्रॅम सोरा आणि सुमारे १८ ग्रॅम मीठ मावू शकते. दोन्ही पदार्थ मर्यादेच्या आत आहेत, त्यामुळे सगळे विरघळते.

आता द्रावण थंड होऊ द्यायचे. ५० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम सोरा म्हणजे १०० ग्रॅममागे १०० ग्रॅम. आलेखावर उभ्या अक्षावरच्या १०० पासून आडवी रेघ काढली, तर ती सोऱ्याच्या वक्राला ५६ अंशांच्या जवळ भेटते. साधारण तिथे पहिले स्फटिक दिसू लागतात. तापमान २० अंशांवर आले की ५० ग्रॅम पाण्यात १६ ग्रॅमच सोरा राहू शकतो. उरलेला ३४ ग्रॅम स्फटिक होऊन खाली बसतो. मिठाची मर्यादा मात्र २० अंशांनाही १८ ग्रॅम आहे आणि पाण्यात मीठ आहे फक्त ५ ग्रॅम. ते विरघळलेलेच राहते आणि गाळणकागदातून पाण्याबरोबर निघून जाते.

गाळणीवरच्या स्फटिकांना खारट पाणी चिकटलेले असते, म्हणून ते धुवावे लागतात. धुण्याचे पाणी थोडे आणि बर्फासारखे थंड का हवे, तेही वक्रच सांगतो. शून्य अंशाच्या १० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त १.३ ग्रॅम सोरा वाया जातो. तेच पाणी ६० अंशांचे असेल तर ११ ग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. बिहारमध्ये मातीतून काढलेला कच्चा सोरा शतकानुशतके उकळून, थंड करून आणि पुन्हा स्फटिक पाडून याच तत्त्वावर शुद्ध केला जात असे. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा हा माल पाटण्याहून युरोपात जाई. मिठाचा अंश राहिला तर दारू हवेतला ओलावा धरते, म्हणून शुद्धीला मोल होते.

नेहमीची चूक

उभ्या अक्षावरचा आकडा १०० ग्रॅम पाण्यामागचा असतो, १०० ग्रॅम द्रावणामागचा नाही. हे विसरल्याने गणिते चुकतात. उदाहरणार्थ: ६० अंशांना संपृक्त असलेले सोऱ्याचे २०० ग्रॅम द्रावण २० अंशांपर्यंत थंड केले, तर किती स्फटिक मिळतील? घाईत ११० मधून ३२ वजा करून दुप्पट केली जाते आणि १५६ ग्रॅम असे उत्तर येते. ते चूक आहे, कारण २०० ग्रॅम पाणी मुळात नाहीच. ६० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात ११० ग्रॅम सोरा असतो, म्हणजे २१० ग्रॅम द्रावणात पाणी १०० ग्रॅम. या हिशेबाने २०० ग्रॅम द्रावणात सुमारे ९५ ग्रॅम पाणी आणि १०५ ग्रॅम सोरा आहे. २० अंशांना ९५ ग्रॅम पाण्यात सुमारे ३० ग्रॅम सोरा उरेल. म्हणून स्फटिक सुमारे ७५ ग्रॅम मिळतील.

वक्र स्वतः काढताना

प्रयोगशाळेत सोऱ्याचा वक्र काढणे सोपे आहे. मोठ्या परीक्षानळीत ८ ग्रॅम सोरा आणि १० ग्रॅम पाणी घेऊन सगळा सोरा विरघळेपर्यंत गरम पाण्यात तापवतात. मग ढवळत थंड होऊ देतात आणि पहिले स्फटिक चमकताच तापमापीवरचा आकडा नोंदवतात. प्रमाण १०० ग्रॅममागे ८० आहे, म्हणून हे तापमान ४८ अंशांच्या आसपास यायला हवे. त्यात ५ ग्रॅम पाणी वाढवले की प्रमाण सुमारे ५३ होते आणि स्फटिक ३४ अंशांजवळ दिसतात. आणखी ५ ग्रॅम वाढवले की प्रमाण ४० होते आणि तापमान २६ ते २७ अंशांवर येते.

मिळालेला बिंदू अपेक्षित रेषेपासून कोणत्या बाजूला सरकला, यावरून चुकीचे कारण ओळखता येते. जास्त वेळ तापवल्याने पाण्याची वाफ होऊन गेली, तर द्रावण नोंदवले त्यापेक्षा दाट होते आणि स्फटिक अपेक्षेपेक्षा जास्त तापमानाला पडतात. ढवळणे कमी पडले आणि द्रावण अतिसंपृक्त झाले, तर ते कमी तापमानाला पडतात. खात्रीसाठी नळी पुन्हा हळूहळू तापवून शेवटचा स्फटिक नाहीसा होतानाचे तापमानही घेतात आणि दोन्हींची सरासरी काढतात.

मोडलेली रेषा आणि आलेखाच्या मर्यादा

सोडिअम सल्फेटची रेषा ३२.४ अंशांपर्यंत वेगाने चढते आणि तिथे अचानक कोन करून हळूहळू उतरू लागते. त्या तापमानाखाली द्रावणाच्या तळाशी जे स्फटिक असतात, त्यांत सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. ते विरघळताना बरीच उष्णता शोषतात. ३२.४ अंशांच्या वर निर्जल सोडिअम सल्फेट टिकून राहते आणि ते विरघळताना थोडी उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान वाढले की त्याची विद्राव्यता घटते. रेषेतला असा कोन म्हणजे तळाचा घन पदार्थच बदलल्याची खूण असते. हे दोन वेगळ्या पदार्थांचे वक्र त्या बिंदूपाशी जोडलेले असतात.

आलेखावरची प्रत्येक रेषा एकच क्षार आणि शुद्ध पाणी यांच्यासाठी असते. एकाच पाण्यात दोन क्षार असले की ते एकमेकांच्या विद्राव्यतेवर परिणाम करतात. सोऱ्यात पोटॅशिअम क्लोराइड मिसळले, तर दोन्हींत पोटॅशिअम असल्यामुळे सोऱ्याची विद्राव्यता घटते. वरच्या उदाहरणात मिठामुळे सोऱ्याच्या आकड्यात किंचित फरक पडेल. मीठ थोडे असल्याने तो दुर्लक्षित करता येतो, पण ते वाढत गेले की वक्रावरून काढलेला अंदाज ढळत जातो. तसेच क्षार किती वेळात विरघळेल हे वक्र सांगत नाही. बारीक पूड लवकर विरघळते आणि मोठा खडा सावकाश, पण दोघांची मर्यादा एकाच रेषेवर असते.