२४ ÷ ४(१ + २) : ताईचा कॅल्सी म्हणतो २, फोन म्हणतो १८

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. बोलताना अर्धी सोडलेली वाक्यं पूर्ण केलीत, बाकी जसं बोललो तसंच आहे. आणि हो, आज फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, मध्येच लागणार आहे.

तर झालं असं. माझी भाची सहावीत आहे. मागच्या आठवड्यात तिने मला व्हॉट्सॲपवर एका वर्कशीटचा फोटो पाठवला. दहा गणितं, प्रत्येकी दोन मार्क. तिला वीसपैकी सोळा होते. फोटोखाली एकच ओळ, "मामा, मला गणित येत नाही."

दोन गणितं चुकली होती. सहावं होतं १० − ४ + ३, आणि नववं होतं २४ ÷ ४(१ + २). दोन्हींवर सारखीच लाल फुली. पण या दोन फुल्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आजचा सगळा एपिसोड त्या फरकाचाच आहे.

आधी सहावं उरकून टाकू. तिने उत्तर लिहिलं होतं ३. कसं आलं, ते लगेच कळतं. आपण सगळे शाळेत "कंचेभागुबेव" घोकलेले लोक. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्यात "बे" आधी, "व" नंतर. म्हणून तिने आधी ४ + ३ = ७ केले आणि १० मधून ७ वजा केले. पण बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या क्रिया आहेत, तिथे डावीकडून उजवीकडे जायचं. १० − ४ = ६, ६ + ३ = ९. इथे तिचं चुकलंच, आणि खरं सांगायचं तर त्या मंत्रानेच तिला खड्ड्यात घातलं. गंमत म्हणजे "भागु"मध्ये हा त्रास होत नाही. ३६ ÷ ६ × ३ मध्ये भागाकार आधी केला काय किंवा डावीकडून गेलात काय, उत्तर १८च. घोळ होतो तो "बेव"मध्ये.

आता नववं. वर्कशीटच्या उत्तरपत्रिकेत उत्तर होतं १८. भाचीने लिहिलं होतं २.

मी तिला विचारलं, "२ कसं आलं गं?" तर म्हणे, "ताईच्या कॅल्सीवर चेक केलं ना मी!" तिची ताई डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स, दुसरं वर्ष. तिच्याकडे कॅसिओचा fx-991EX आहे. मी माझ्या फोनवर केलं, तर १८. म्हणजे एकाच घरात दोन मशिनं, दोन उत्तरं, आणि दोन्हींपैकी एकही बिघडलेलं नाही.

हे कसं, ते सावकाश बघू. कंसापर्यंत कोणाचंच भांडण नाही. १ + २ = ३. आता उरतं २४ ÷ ४(३). प्रश्न फक्त एवढाच आहे की ४ आणि कंस यांच्यामध्ये जो न लिहिलेला गुणाकार आहे, तो साधा गुणाकार आहे की चिकटलेला?

साधा मानला, तर हे झालं २४ ÷ ४ × ३. डावीकडून जा. २४ ÷ ४ = ६, ६ × ३ = १८. चिकटलेला मानला, तर ४(३) ही एकच वस्तू आहे, १२. मग २४ ÷ १२ = २.

इथे बरेच जण एक युक्तिवाद करतात, "अहो, कंस आधी सोडवायचा असतो, म्हणून ४(३) आधी!" हा काही बरोबर नाही. कंसाचा नियम कंसाच्या आतल्यासाठी आहे. आत ३ आला, कंसाचं काम संपलं. बाहेरचा ४ कंसात कधी नव्हताच. म्हणजे २ हे उत्तर ज्यांना हवंय त्यांच्याकडे यापेक्षा चांगलं कारण पाहिजे. आणि ते आहे.

आठवीतल्या बहुपदींच्या भागाकाराकडे या. 12ab ÷ 4a किती? कोणीही सांगेल, 3b. आता जरा थांबा. जर न लिहिलेला गुणाकार अगदी साधा असेल आणि डावीकडून उजवीकडे जायचं असेल, तर हे 12 × a × b ÷ 4 × a आहे, आणि उत्तर येतं 3a²b. असं कोणी लिहिलं तर शिक्षक शून्य देतील! म्हणजे बीजगणितात आपण 4a ही एकच चिकटलेली वस्तू धरतो, न बोलता, न शिकवता. मग सहावीतल्या पोरीने ४(३) चिकटलेलं धरलं तर ती अडाणी कशी?

आणि आपल्या मंत्रातच याचा पुरावा बसलेला आहे, पण आपण त्याकडे बघत नाही. कंस आणि भागाकार यांच्यामध्ये ते "चे" काय करतंय? जुन्या पद्धतीच्या गणितांत असायचं, २० ÷ १/२ चे ८. इथे "१/२ चे ८" म्हणजे आठाचा अर्धा, ४, आणि ते आधी. २० ÷ ४ = ५. तिथे "चे"च्या जागी × टाका, २० ÷ १/२ × ८, की उत्तर ३२०. "चे" हासुद्धा गुणाकारच, पण भागाकारापेक्षा वरच्या मानाचा. म्हणजे दोन ताकदींचे गुणाकार असतात हे आपण घोकलेलंच आहे. फक्त ४(३) यातला नेमका कुठला, हे त्या मंत्रात कुठेही लिहिलेलं नाही.

कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांनाही हा निर्णय घ्यावाच लागतो. ताईच्या fx-991EX वर असं गणित टाकून = दाबलं की तो स्वतःच कंस घालतो. स्क्रीनवर 24÷(4(1+2)) दिसायला लागतं आणि उत्तर 2. लपवाछपवी नाही, "मी असं वाचलं" हे तो दाखवतो. भाचीने उत्तर बघितलं, वरची ओळ बघितली नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तर स्वतःचाच निर्णय बदललाय. त्यांचा जुना TI-82 चिकटलेल्या गुणाकाराला जास्त मान द्यायचा, नंतरचे TI-83 आणि TI-84 सरळ डावीकडून जातात. पायथनने तर हात वर केले:

```
>>> 24/4(1+2)
TypeError: 'int' object is not callable
>>> 24/4*(1+2)
18.0
```

पहिल्या ओळीत त्याला गुणाकार दिसतच नाही. त्याला वाटतं, 4 नावाचं फंक्शन बोलावताय. मला विचाराल तर यातला सगळ्यात प्रामाणिक तोच.

हे भांडण काही आपल्या घरापुरतं नाही. जुलै २०१९ मध्ये ८ ÷ २(२ + २) ट्विटरवर असंच पेटलं होतं, १६ विरुद्ध १. तेव्हा गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहिला. आणि ISO 80000-2 हे गणिताच्या चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक तर म्हणतं की ÷ हे चिन्ह वापरूच नये.

"ठीक आहे रे, दोन मार्कांचा तर प्रश्न आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी आता फोन हातात घ्या. सायंटिफिक मोडमध्ये हे टाईप करा, मध्ये × न घालता:

```
1÷2π
```

0.159 आलं, तर तुमचा फोन 2π ला चिकटलेलं धरतो. 1.57 आलं, तर तो आधी 1÷2 करतो आणि मग π ने गुणतो. काही फोन स्वतःच मध्ये × घालतात, तेही दिसेल. आता तुमचं मशीन कुठल्या पार्टीचं आहे, ते कळलं.

याचा उपयोग कुठे? ताईच्या जर्नलमध्ये. तिथे कपॅसिटरच्या रिॲक्टन्सचं सूत्र तिने एका ओळीत लिहिलंय, Xc = 1/2πfC. सगळे असंच लिहितात, आणि सगळ्यांना म्हणायचं असतं 1/(2πfC). समजा ५० हर्ट्झ आणि १०० मायक्रोफॅरड. खालचा भाग आधी काढला तर ०.०३१४ येतो, आणि उत्तर सुमारे ३१.८ ओहम. तेच सूत्र जसंच्या तसं डावीकडून सोडवणाऱ्या मशीनमध्ये टाकलं, तर 1÷2 झालं ०.५, मग π ने, ५० ने, ०.०००१ ने गुणाकार, आणि उत्तर ०.००७९. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, नुसता चुकीचा आकडा.

हे पकडायचं कसं? फ्रीक्वेन्सी दुप्पट करून बघा. f सूत्रात खाली आहे, म्हणजे उत्तर निम्मं व्हायला पाहिजे, सुमारे १५.९. ते वाढून दुप्पट झालं, तर f गुपचूप वर जाऊन बसलाय आणि कंस राहिलाय. कुठल्याही सूत्राला ही तपासणी चालते. खालची एक राशी वाढवा आणि उत्तर कुठल्या दिशेला जातं ते बघा.

बाकी उपाय एकच, आणि तो लिहिणाऱ्याच्या हातात आहे. १८ हवंय? (२४ ÷ ४) × (१ + २) लिहा. २ हवंय? आडवी रेघ मारा, वर २४, खाली ४(१ + २). एका ओळीत बसवायचंच असेल, तर २४ ÷ (४(१ + २)). दोन कंस जास्त, बस्स.

भाचीच्या आईने हेच सगळं बाईंना मेसेज करून कळवलं, मार्क मागितले नाहीत. बाईंचा रिप्लाय दुसऱ्या दिवशी आला, "बरोबर आहे, प्रश्नच नीट नव्हता." दोन मार्क वाढले, वीसपैकी अठरा. सहाव्या गणिताची फुली तशीच राहिली, ती राहायलाच हवी होती.

आणि भाची सध्या लाल पेन घेऊन ताईच्या जर्नलमध्ये कंस घालत बसलीये. ताई वैतागली आहे.