घाटात गाणे का थांबते?



सौंसरहून छिंदवाड्याला मोटारीने जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. डोंगर आडवा आला की मोबाईलचा सिग्नल तुटतो. तरी गाणे थोडा वेळ चालते, कारण ॲप पुढचा भाग आधीच ओढून ठेवते. तो साठा संपला की आवाज बंद!

अशा वेळी अनेक जण आवाजाचा दर्जा कमी करतात. सिग्नल अशक्त असेल तर याचा उपयोग होतो. परंतु सिग्नल शून्य असेल, जसे बोगद्यात, तर दर्जा कितीही कमी केला तरी काही येणार नाही. तेथे घरून भरून नेलेली गाणीच कामी येतात.

हिशेब सोपा आहे. १६० केबीपीएस दर्जाला सेकंदाला २० किलोबाईट लागतात, म्हणजे पाच मिनिटांच्या गाण्याला ६ एमबी. दोन तासांच्या प्रवासाला अशी २४ गाणी, म्हणजे १४४ एमबी पुरे. ३२० केबीपीएसला जागा दुप्पट लागेल, पण धावत्या गाडीच्या आवाजात फरक क्वचितच कळतो.

स्पॉटिफायवर डाउनलोडचा दर्जा वेगळा निवडता येतो, मात्र गाणी उतरवण्याची सोय ठरावीक सशुल्क योजनांतच आहे. शिवाय ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेट जोडावे लागते, नाहीतर उतरवलेली गाणी वाजत नाहीत.

निघण्यापूर्वी घरीच परीक्षा घ्यावी. फोन विमान मोडवर टाकावा, ब्लूटूथ पुन्हा सुरू करावे आणि यादीतील तीन-चार गाणी लावून पाहावी. वाजली तर घाटातही वाजतील.