मोठ्या टाइलांची जमीन : सिमेंटचा माल की आसंजक?

महाराष्ट्रातील घरांतून शहाबादी फरशी, कोटा आणि मोझेकची लादी बसविण्याची एक रीत दीर्घकाळ रूढ आहे. स्लॅबवर सिमेंट-वाळूचा ओलसर माल पसरावा, त्यावर कालवलेले निव्वळ सिमेंट ओतावे, लादी टेकवावी आणि हातोडीने ठोकून पाणसळीत आणावी. या रीतीने बसविलेल्या जमिनी चाळीस-चाळीस वर्षे टिकल्या आहेत. असे असता ६० × १२० सेंटिमीटर मापाची व्हिट्रिफाइड टाइल त्याच रीतीने, त्याच गवंड्याने बसविली, तर वर्ष-दोन वर्षांत ती पोकळ वाजू लागते, जड वस्तू पडताच तिचा कोपरा फुटतो, आणि क्वचित उन्हाळ्यात दोन टाइला एकमेकींस रेटून जमिनीवरून उचलल्या जातात. दोष बहुधा गवंड्यास दिला जातो. वस्तुतः या अपयशाचे मूळ टाइल आणि माल यांच्यामधील सांध्यात शोधावयास हवे.

जुन्या रीतीत माल दोन निरनिराळी कामे एकाच वेळी करतो. स्लॅबचा उंचसखलपणा भरून काढणे हे पहिले काम, आणि लादीस धरून ठेवणे हे दुसरे. ही दोन कामे वेगळी आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे निवडीचा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

प्रथम धरून ठेवण्याचे काम पाहू. शहाबादी फरशीची खरखरीत पाठ आणि मोझेक लादीची सिमेंटचीच पाठ पाणी शोषून घेते. त्या पाण्याबरोबर सिमेंटचे द्रावण सूक्ष्म छिद्रांत शिरते, तेथेच त्याचे स्फटिक बनतात आणि लादी जणू असंख्य मुळांनी मालात रुजते. व्हिट्रिफाइड टाइल मात्र इतकी घट्ट भाजलेली असते की, ती आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकेही पाणी शोषीत नाही. मुळे धरावयास तिच्यात छिद्रेच नाहीत. सिमेंट तिच्या पाठीला टेकते, पण रुजत नाही. अशी टाइल भिजत घालून काही साधत नाही; उलट पाठीवर पाण्याचा पातळ थर राहून पकड अधिकच क्षीण होते.

यात आकाराची भर पडते. सिमेंटचा माल वाळताना आकसतो; हे आकुंचन मीटरामागे सुमारे अर्धा मिलिमीटर धरता येईल. टाइल स्वतः आकसत नाही. ३० सेंटिमीटरच्या टाइलखाली हा फरक दीड दशांश मिलिमीटर होतो, तर १२० सेंटिमीटरच्या टाइलखाली तो सहा दशांशांवर जातो. हा ताण टाइलच्या कडांशी आणि कोपऱ्यांशी एकवटतो. म्हणून पकड सुटण्यास कोपऱ्यापासूनच आरंभ होतो.

आसंजक, म्हणजे बाजारात टाइल ॲडेसिव्ह या नावाने मिळणारी पूड, हेही मुळात सिमेंट आणि बारीक वाळू यांचेच मिश्रण होय. तथापि त्यात दोन द्रव्ये अधिक असतात. सेल्युलोजपासून केलेले एक द्रव्य पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाच मिलिमीटरचा पातळ थरही सिमेंट पुरते घट्ट होण्यापूर्वी सुकत नाही. दुसरे पॉलिमर, ते छिद्रहीन पाठीलाही चिकटते आणि सुकलेल्या थरात किंचित लवचीकपणा ठेवते. पकडीच्या कामी आसंजक श्रेष्ठ आहे तो यामुळे. पण उंचसखलपणा भरण्याचे काम त्याचे नव्हे. जाड थरात ते स्वतःच आकसते आणि टाइलच्या कडा खाली ओढते. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर ठेवली असता तिच्याखाली तीन मिलिमीटरहून अधिक फट दिसत असेल, तर ती जमीन आसंजकास योग्य नाही असे समजावे.

एक उदाहरण घेऊ. ३·६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशा खोलीचे क्षेत्र १०·८ चौरस मीटर होते. तीत ६० × १२० च्या बरोबर १५ टाइला बसतात. समजा, पाणसळ लावली असता स्लॅबचा एक कोपरा २२ मिलिमीटर खाली आढळला. येथे केवळ आसंजकाने काम भागणार नाही, आणि केवळ मालावर टाइल भरवशाने धरली जाणार नाही. यास्तव दोन्ही कामे क्रमाने करावीत. प्रथम एक भाग सिमेंटास चार भाग वाळू या प्रमाणाचा, सरासरी ३० ते ३५ मिलिमीटर जाडीचा समतल थर घालावा. त्यावर किमान सात दिवस पाणी मारावे आणि पुढे तो नीट वाळू द्यावा. प्रारंभीच्या आठवड्यांतील आकुंचन टाइल लागण्यापूर्वीच होऊन जाणे, हाच या विलंबाचा खरा लाभ. नंतर सुमारे पाच मिलिमीटर आसंजकावर टाइल बसवावी. चौरस मीटरास सात किलो धरल्यास ७६ किलो, म्हणजे वीस किलोची चार पोती लागतात. खर्च आणि अवधी वाढतो हे खरे. परंतु सुटलेली एक टाइल काढताना शेजारच्या टाइला फुटतात आणि त्या छटेची टाइल पुढे मिळेलच असे नाही, हेही हिशेबात धरावयास हवे.

आसंजक वापरूनही काम बिघडते, त्याची कारणे थोडकी आहेत. टाइलच्या पाठीवर भट्टीतील पांढरी भुकटी असते. ती ओल्या फडक्याने पुसून पाठ कोरडी करावी. आसंजक ठरल्या प्रमाणात पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटे ठेवावे व पुन्हा ढवळावे. घट्ट होऊ लागल्यावर वरून पाणी घालू नये. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबण्याची पद्धत सर्वथा त्याज्य होय, कारण गोळ्यांमधील पोकळीवरच टाइल फुटते. दातेरी थापीने टाइलच्या आखूड बाजूस समांतर सरळ रेघा ओढाव्यात, म्हणजे हवेस बाहेर पडावयास जवळची वाट मिळते. टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवावा. पसरलेल्या आसंजकास बोट लावले असता ते बोटास लागत नसेल, तर त्यावर साय धरली आहे. ते खरवडून टाकावे. टाइलांमध्ये दोन-तीन मिलिमीटर सांधा आणि भिंतीशी स्कर्टिंगखाली झाकेल अशी फट अवश्य ठेवावी. अशी जागा न ठेवल्यास उष्णतेने फुगणाऱ्या टाइला अखेर वर उचलल्या जातात.

कामाची पारख करण्याचा निश्चित मार्ग म्हणजे नुकतीच बसविलेली एखादी टाइल उचलून पाहणे. पाठ सर्वत्र आसंजकाने माखलेली असली तर काम ठीक. रेघा तशाच उभ्या दिसल्या तर दाब अपुरा पडला. जुन्या जमिनीत टाइल निघून तिची पाठ स्वच्छ आढळली आणि खालचा माल अखंड असला, तर माल कच्चा नव्हता, पकडच झाली नव्हती, असा निष्कर्ष काढावा.

याचा अर्थ जुनी रीत टाकाऊ झाली असा नव्हे. शहाबादी किंवा कोट्याच्या फरश्यांची जाडी एकसारखी नसते. तो फरक जाड मालच सामावून घेतो, आणि त्यांची शोषक पाठ त्यास चांगली धरते. त्यांच्यासाठी माल हाच योग्य. टाइल जितकी मोठी आणि घट्ट, तितके धरण्याचे काम आसंजकाकडे सोपवावे. समतलतेचे काम मात्र मालाकडेच राहू द्यावे.