झाडे एकवीस, अंतरे वीस

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा पुष्कळ आहेत. समजा, अशा एका बागेत १२० मीटर लांबीच्या ओळीत दर ६ मीटरांवर एक झाड लावायचे आहे. पहिले झाड एका टोकाला, शेवटचे दुसऱ्या टोकाला. तर कलमे किती आणाल? १२० ला ६ ने भागून २० आणलीत, तर शेवटचा खड्डा रिकामा राहील! २० ही झाडांमधल्या अंतरांची संख्या झाली. झाडे एकाने अधिक, म्हणजे २१ लागतील.

पहिल्या झाडापासूनची अंतरे मांडा: ०, ६, १२, … १२०. ही अंकगणिती श्रेढी झाली. पहिल्या पदावरून n व्या पदावर जायला n − १ उड्या पुरतात, म्हणून

tₙ = a + (n − १)d

बेरजेत मात्र उड्या नव्हे, पदे मोजायची:

Sₙ = (n/२)(a + tₙ)

विहीर पहिल्या झाडाशी आहे आणि दर खेपेला एकाच झाडाला बादलीभर पाणी न्यायचे आहे. जातानाची चाल (२१/२)(० + १२०) = १२६० मीटर होईल. पहिले झाड सोडून मोजले तरी चालेल; पण मग a = ६ आणि n = २० असे दोन्ही बदलावे लागेल. a शून्यच ठेवून n = २० घेतले, तर उत्तर ११४० येईल आणि शेवटचे झाड कोरडे राहील.

भूमिती श्रेढीत हीच चूक फार महागात पडते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एक उदाहरण आहे: पहिल्या दिवशी २ कवड्या दान आणि पुढे रोज दुप्पट, तर महिन्याभरात किती? तिसाव्या दिवशीचे दान tₙ = arⁿ⁻¹ या सूत्राने २ × २²⁹, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ कवड्या. घातांक ३० घेतला, की उत्तर थेट दुप्पट होते.

मग बेरजेच्या सूत्रात n − १ ऐवजी n का? बेरजेला r ने गुणून त्यातून मूळ बेरीज वजा केली, की मधली सर्व पदे जातात. उरते शेवटच्याच्या पुढचे पद arⁿ आणि वजा a. म्हणून

Sₙ = a(rⁿ − १)/(r − १)

महिन्याचे एकूण दान २,१४,७४,८३,६४६ कवड्या.

सूत्र लिहिताच त्यात n = १ घाला. tₙ आणि Sₙ दोन्ही a आले पाहिजेत. मग n = २ घाला; S₂ मधून S₁ वजा केल्यावर t₂ मिळाले पाहिजे.

सोडवून पाहा

१. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. तो पहिला १ मे धरला, तर २०३१ सालचा कितवा?
२. ३, ६, १२, … या श्रेढीचे आठवे पद आणि आठ पदांची बेरीज काढा.

उत्तरे: १. एकावन्नावा; वर्षे मात्र ५० पूर्ण होतील. २. ३८४, ७६५.