ऑडिशनच्या पंधरा मिनिटांपलीकडचं

ब्रिटनमधल्या संगीत महाविद्यालयांत पदवीसाठी अर्ज करताना विद्यार्थ्याला दोन शिफारसपत्रं द्यावी लागतात. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक, मँचेस्टरचं रॉयल नॉर्दर्न कॉलेज अशा अनेक संस्थांचे अर्ज 'यूकास कॉन्झर्व्हेटॉयर्स' या एकाच यंत्रणेतून जातात. एक पत्र शालेय अभ्यासाविषयी असतं, दुसरं वादनाविषयी. वादनाचं पत्र बहुतेक वेळा व्हायोलिनच्या सरांनी किंवा मॅडमनी लिहायचं असतं, आणि आपल्याकडे नेमकं तेच घाईघाईत उरकलं जातं.

प्रवेश मिळतो तो ऑडिशनवर. तिथे परीक्षक जेमतेम पंधरा-वीस मिनिटं ऐकतात. मुलगी आज कशी वाजवते हे त्यांना कळतं, पण ती इथपर्यंत किती वेगाने आणि कशी आली, चूक दाखवल्यावर काय करते, हे त्या वेळात कळत नाही. ते फक्त दर आठवड्याला तिच्यासमोर बसणारा माणूस सांगू शकतो. म्हणूनच 'अत्यंत प्रतिभावान, मेहनती आणि नम्र विद्यार्थिनी' असं लिहिलेलं पत्र वाया जातं. ही विशेषणं प्रत्येक अर्जात असतात. ग्रेड परीक्षांचे गुण पुन्हा लिहिण्यातही अर्थ नाही, ते अर्जात आलेलेच असतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मुंबईतली सतरा वर्षांची मुलगी, व्हायोलिन हाती घेतलं ते अकराव्या वर्षी, म्हणजे उशिराच. ऑडिशनसाठी तिने ब्रूखच्या जी मायनर कन्चर्टोचा पहिला भाग आणि बाखच्या डी मायनर पार्टिटातली सराबांद निवडली आहे. सरांच्या पहिल्या मसुद्यात एकच वाक्य आहे: 'तिचं तंत्र उत्तम आहे.' यातून काहीच कळत नाही.

आता हेच सर आपल्या शिकवणीच्या वहीत डोकावतात. वर्षभरापूर्वी तिसऱ्या पोझिशनवरून वर जाताना तिचा सूर हमखास उतरायचा. कान चांगला होता, उतरलेला सूर तिला स्वतःलाच खटकायचा. दोष हातात होता: अंगठा व्हायोलिनच्या मानेला घट्ट धरून मागेच राहायचा, त्यामुळे बोटं पोचायची नाहीत. सरांनी कन्चर्टो बाजूला ठेवायला लावला आणि फक्त संथ स्केल दिले, ज्यात पहिलं बोट तारेवर हलकं ठेवून, अंगठ्यासकट सगळा हात सरकवायचा. दोन महिने तिने कंटाळा न करता तेवढंच केलं, रोज स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून कुठे उतरलं ते लिहून आणलं. मग ब्रूखमधल्या वरच्या जागा जुळायला लागल्या. पत्रात हा एक परिच्छेद आला, की ही मुलगी दिलेली दुरुस्ती शेवटपर्यंत नेते, हे परीक्षकांना वेगळं सांगावं लागत नाही. चार वर्षं तिला शिकवायचं असलेल्या प्राध्यापकाला हवी असते ती हीच माहिती.

उणीव लपवण्याचा मोह मात्र टाळावा. सराबांदमध्ये दोन-तीन तारा एकत्र वाजवायच्या जागा आहेत. तिथे तिचा उजवा खांदा आखडतो आणि आवाज चिरका होतो. परीक्षकांना ते ऐकू येणारच आहे. सरांनी आधीच 'खांद्यावर काम चालू आहे, वरच्या तारांवर फरक पडला आहे, जी तारेवर अजून नाही' असं लिहिलं, तर बाकीच्या कौतुकावरही विश्वास बसतो. ज्या पत्रात एकही उणीव नाही, त्यातल्या गुणांकडेही अनुभवी वाचक साशंकपणे बघतो.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे परिस्थिती. लंडनमध्ये वाढलेल्या मुलाला शाळेचा ऑर्केस्ट्रा, शनिवारचे कनिष्ठ वर्ग, चौघांचा क्वार्टेट हे सगळं सहज मिळू शकतं. आपल्याकडे व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्राच पहिल्यांदा उभा राहिला तो मुंबईत, 2006 साली. मुलीला समूहवादनाचा अनुभव नाही तो गावात संधी नसल्यामुळे की तिला आवड नसल्यामुळे, हे तिकडे बसलेल्या माणसाला कसं कळणार? आठवड्याला एकच तास शिकवणी, कारखान्यात तयार झालेलं साधं व्हायोलिन, साथीला पियानो मिळतो तो परीक्षेपुरता: हे गाऱ्हाणं न वाटता दोन वाक्यांत लिहिता येतं. आपल्याला वाटतं, भारतातून जाणाऱ्या पत्रात सर्वांत जास्त राहून जातं ते हेच.

तुलना करायचीच तर आधार सांगून करावी. 'आजवरच्या विद्यार्थ्यांत सर्वोत्तम' हे वाक्य, सरांनी किती जणांना आणि कोणत्या पातळीपर्यंत शिकवलं ते सांगितल्याशिवाय पोकळ राहतं. पत्र विद्यार्थ्याने लिहून आणायचं आणि सरांनी सही करायची, ही पद्धत तर बंदच व्हायला हवी. त्याऐवजी मुलांनी सरांना कार्यक्रमांच्या तारखा, वाजवलेल्या रचनांची यादी आणि अर्ज कुठे करतोय ते लिहून द्यावं. संगीताच्या अर्जांची मुदत साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते, म्हणजे सरांकडे हा कागद जुलै-ऑगस्टमध्ये पोचायला हवा. तेव्हाच वही चाळायला त्यांना वेळ मिळतो.