रात्रीची गोळी, सकाळची झापड

पावसाळ्यात कळव्यातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात रात्री दहाच्या सुमारास थोडा वेळ उभं राहिलं की एक मागणी हमखास ऐकू येते: ‘खाजेची गोळी द्या, झोप लागेल अशी.’ दुकानदार फार विचारपूस न करता पट्टीतून दोन-चार गोळ्या कापून देतो. बऱ्याचदा ती क्लोरफेनिरामाइनची चार मिलिग्रॅमची चिमुकली गोळी असते. दवाखान्यांत तिला ‘सीपीएम’ म्हणतात. तिची थोरली बहीण एव्हिल, म्हणजे फेनिरामाइन, महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. दोघींच्या रेणूंत फरक केवळ एका क्लोरीनच्या अणूचा. पण तेवढ्याने औषध इतकं जोरकस झालं, की एव्हिलच्या पंचवीस मिलिग्रॅमच्या जागी इथे चार पुरतात.

गोळी घेतली की झोप लागते, आणि घेणाऱ्याला वाटतं खाज गेली म्हणून झोप आली. पुष्कळदा क्रम उलटा असतो. झोप आली, म्हणून खाज जाणवली नाही.

अंगावर पित्त उठतं तेव्हा त्वचेतल्या पेशी हिस्टामिन सोडतात, आणि त्यानेच गांधी येतात, आग होते, खाज सुटते. सीपीएम हिस्टामिनच्या बसायच्या जागा आधीच अडवते. इथवर सगळं ठीक. पण तेच हिस्टामिन मेंदूत अगदी वेगळं काम करतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींचा एक लहान पुंजका ते दिवसभर सोडत राहतो, आणि त्यामुळे आपण जागे आणि सावध राहतो. सीपीएम मेंदूत सहज शिरते आणि तिथल्याही जागा अडवते. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मेंदूच्या पेट स्कॅनवर मोजलं. या औषधाच्या क्रियाशील अर्ध्या भागाचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे हिशेबाने आपली नेहमीची एक गोळी, मेंदूतल्या निम्म्याहून अधिक जागा व्यापते. एबास्टिनसारखं नव्या पिढीचं औषध जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास थांबतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक प्रथिन सोसायटीच्या वॉचमनसारखं उभं असतं. नव्या औषधांपैकी बरीचशी ते दारातूनच परत पाठवतं, सीपीएमला मात्र अडवत नाही.

मग ही झोप सकाळी का उतरत नाही? उत्तर घड्याळात आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात या औषधाचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण वीस तास लागतात. कुणात बारा, कुणात त्याहून कितीतरी जास्त. औषध रक्तात थोडं आणि शरीरातल्या ऊतींत पुष्कळ मुरून बसतं, तिथून सावकाश परत येतं, आणि यकृतही त्याचा निचरा घाईने करत नाही. लहान मुलांत हा काळ बराच कमी असतो, म्हाताऱ्या माणसांत आणि किडनी कमजोर असलेल्यांत वाढतो.

एक उदाहरण घेऊ. खारेगावात राहणारा कुणी रात्री अकराला एक गोळी घेतो. तिचं रक्तातलं प्रमाण दोन-तीन तासांनी, म्हणजे पहाटे दोनच्या सुमारास, सर्वांत जास्त होतं. साडेपाचला गजर वाजतो तेव्हा त्या शिखराच्या जवळपास नव्वद टक्के औषध रक्तात शिल्लक असतं. रात्र त्याची संपली, औषधाची अजून सुरूही झालेली नाही म्हणा ना. त्या अवस्थेत तो स्कूटर काढून विटाव्यावरून ऐरोलीला कामावर निघतो. रात्री पुन्हा अकरा वाजतात तेव्हाही जवळजवळ निम्मं उरलेलं असतं आणि त्यावर तो दुसरी गोळी घेतो. त्या रात्रीचं शिखर पहिल्या रात्रीच्या जवळपास दीडपट उंच. रोज घेत राहिला तर चार-पाच दिवसांत ते पावणेदोनपटीच्या आसपास जाऊन थांबतं.

‘मग मी अकराऐवजी आठला घेतो,’ असं यावर बरेच जण म्हणतात. हिशेब करून पाहा: शिखर अकराला येतं आणि साडेपाचला ऐंशी टक्के उरतं. नव्वदचे ऐंशी झाले, एवढाच फायदा. बाहेर पडायचा रस्ता इतका लांबलचक असताना तीन तास अलीकडे-पलीकडे करून फारसं काही बदलत नाही. पट्टीवर ‘दर चार ते सहा तासांनी’ असं लिहिलेलं असतं त्यामुळेही गैरसमज होतो. माणसाला वाटतं सहा तासांत औषध संपलं. हे औषध आलं १९४०च्या दशकाच्या शेवटी, आणि आजही छापली जाणारी ती घड्याळी सूचना त्याच्या या वीस तासांशी काही मेळ खात नाही.

मध्यंतरी अमेरिकेत एक तडजोड सुचवली गेली होती. रात्री झोप आणणारी क्लोरफेनिरामाइन घ्यायची, सकाळी झोप न आणणारी टर्फेनाडिन. कागदावर छान दिसणारी ही योजना १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तपासली गेली, तर रात्रीच्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशीही उरलेली आढळली.

ही गुंगी ओळखायची कशी, हा खरा अवघड भाग. पेंगणं सगळ्यांना कळतं. पण तीच ओळ दोनदा वाचावी लागणं, ब्रेक किंचित उशिरा दाबला जाणं, कुणी हाक मारली तर क्षणभराने वळणं, हे ज्याचं त्याला कळत नाही. काही दिवसांनी पेंग कमी वाटू लागते. त्यावरून लक्ष शाबूत झालं असं मात्र धरता येत नाही. तोंडाला कोरड पडत असेल, लघवीला वेळ लागत असेल तर औषध अंगात आहे याची ती सरळ खूण. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी या एका गोळीने तुंबू शकते. काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असलेल्यांनाही ती चालत नाही. आणि सोबत दारू असेल तर बोलायलाच नको.

शिवाय ज्या खाजेसाठी ती घेतली, ती खाज बरेचदा हिस्टामिनची नसतेच. पावसाळ्यात जांघेत, कमरेला उठणारा नायटा बुरशीचा असतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती खाज येते, रात्री वाढते, घरात आणखी कुणी खाजवतंय, तर ती खरूज. अशा वेळी सीपीएम माणसाला झोपवते, किडे आणि बुरशी आपापली कामं चालू ठेवतात. खरजेला पर्मेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम लागतं. मानेपासून तळपायापर्यंत, रात्रभर, घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री, आणि साधारण आठवड्याने पुन्हा. त्यानंतरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते. तेवढ्याने औषध लागू पडलं नाही असं समजू नये.

खरोखरच पित्त उठत असेल, आमसुलाचं पाणी लावून भागत नसेल, तर आज त्वचारोगतज्ज्ञ आधी फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन, लिव्होसेट्रिझिन यांसारखी औषधं देतात. त्यातही लिव्होसेट्रिझिनने काहींना झोप येते. सीपीएम एखाद्या असह्य रात्रीपुरती, दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची नसेल तर, चालते. ती महिनाभर रोज उशाशी ठेवण्याचं औषध नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि घरात सर्दीची गोळी असेल तर तिची पट्टी उलटून पाहावी. पॅरासिटामॉलच्या खाली, बारीक अक्षरात, ‘क्लोरफेनिरामाइन मॅलिएट’ बहुतेक वेळा सापडतंच. खाजेची एक आणि सर्दीच्या दोन घेतल्या की एकाच औषधाचे तीन डोस पोटात जातात. लहान मुलांच्या सर्दीच्या औषधांतही ते असतं. फिनाइलएफ्रिनसोबतचं त्याचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरात सांगितलं. जुन्या बाटल्या मात्र अजून कुणाकुणाच्या फ्रीजच्या दारात असतील.