दोन टोकं, एक छेदनबिंदू

सकाळी ८
नाशिकला सप्टेंबरात खिडक्या उघड्या ठेवल्या तरी प्रयोगशाळेत दमट वास राहतो. मुलं यायच्या आत प्रत्येक टेबलाचा पुरवठा दीड व्होल्टवर लावून मल्टिमीटरनं तपासते. पॅनलवरच्या काट्यावर विसंबत नाही. शंभर ओहमचे रोधही मोजून ठेवते. पाच टक्केवाला रोध पंचाण्णवपासून एकशे पाचपर्यंत काहीही असू शकतो, आणि आजचं सगळं गणित त्या शंभरावर उभं आहे. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची बॅच आहे. मंडल साधं आहे: पुरवठा, शंभर ओहमचा रोध आणि १एन४१४८ हा काचेचा छोटा डायोड, तिन्ही एकसरीत. प्रश्न एकच. यातून किती करंट वाहील?

सकाळी ९
आधी तासाचं शिकवणं. मुलांना वाटतं, ओहमचा नियम लावला की झालं. पण डायोडचा करंट व्होल्टेजच्या घातांकात वाढतो. शॉक्लीनं १९४९ मध्ये मांडलेलं सूत्र आणि रोधाचं सूत्र एकत्र केलं की करंट समीकरणात दोन ठिकाणी येतो, एकदा सुटा आणि एकदा लॉगॅरिदमच्या आत. अकरावी-बारावीच्या बीजगणितानं तो बाहेर काढता येत नाही. म्हणून समीकरण सोडवण्याऐवजी चित्र काढायचं.

फळ्यावर मी मंडल मधोमध तोडून दाखवते. एका बाजूला एकटा डायोड, दुसऱ्या बाजूला बाकी सगळं. डायोड काय म्हणतो ते त्याच्या वक्रात आहे. बाकीचं मंडल काय म्हणतं ते एका सरळ रेषेत आहे, आणि तीच लोड लाइन. दोघांत व्होल्टेज एकच आणि करंटही एकच, त्यामुळे जिथे वक्र आणि रेषा छेदतात तिथेच मंडल स्थिर होतं. तो ऑपरेटिंग पॉइंट. पुस्तकांत लोड लाइनचं सूत्र येतं, पण ती रेषा डायोडची नाही, डायोड सोडून उरलेल्या सगळ्याची आहे, हे पुरेसं ठासून येत नाही. दुपारी एका टेबलावर नेमकं तेच आडवं आलं.

सकाळी साडेदहा
प्रॅक्टिकल. आधी डायोडचा वक्र मोजायचा. करंट मोजायला मी मीटर एकसरीत जोडू देत नाही. मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा काही ओहम रोध मंडलात शिरतो आणि शंभर ओहमपुढे तो नगण्य नसतो. त्याऐवजी शंभर ओहमवरचं व्होल्टेज मोजा, शंभरनं भागा. ०.१ व्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर.

पुरवठा हळूहळू वाढवत एका टेबलानं घेतलेली रीडिंग अशी: अर्ध्या मिलिअँपिअरला डायोडवर ०.५५३ व्होल्ट, एकला ०.५८५, दोनला ०.६१७, पाचला ०.६६०, दहाला ०.६९४. करंट वीसपट झाला आणि व्होल्टेज जेमतेम १४० मिलिव्होल्टनं वाढलं. हे मुलांनी स्वतः पाहिलं की ०.७ व्होल्ट हा आकडा कुठून आला ते कळतं, आणि तो नेमका आकडा नाही हेही कळतं.

निफाडहून येणाऱ्या एका मुलीनं डायोड चिमटीत धरला आणि रीडिंग घसरायला लागलं. "मॅडम, मी हात लावला म्हणून बिघडलं का?" बिघडलं नव्हतं. ठरावीक करंटला सिलिकॉन डायोडचं व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टनं कमी होतं. बोटांच्या उबेनं पाच-सात अंश वाढले की दहा-पंधरा मिलिव्होल्ट गेलेच. लोड लाइन जागची हलत नाही, वक्र डावीकडे सरकतो आणि छेदनबिंदू रेषेवरून थोडा वर चढतो. म्हणजे व्होल्टेज कमी आणि करंट किंचित जास्त. मी तिला तेच चित्र आलेखावर पेन्सिलीनं काढायला लावलं.

दुपारी १२
आता लोड लाइन. आलेख कागदावर आडव्या अक्षावर एका सेंटिमीटरला ०.१ व्होल्ट, उभ्यावर एका सेंटिमीटरला एक मिलिअँपिअर. डायोड काढून जागा उघडी ठेवली तर टोकांवर दीड व्होल्ट मिळतात, करंट शून्य. हे आडव्या अक्षावरचं टोक. डायोडच्या जागी वायर जोडली तर शंभर ओहममधून १५ मिलिअँपिअर वाहतात, व्होल्टेज शून्य. हे उभ्या अक्षावरचं टोक. दोन्ही टोकं पंधरा सेंटिमीटरवर येतात. पट्टीनं जोडा. रेषा वक्राला ०.६८ व्होल्ट आणि ८.२ मिलिअँपिअरच्या आसपास छेदते. मग प्रत्यक्ष मंडल जोडून मोजलं: डायोडवर ०.६८४, रोधावर ०.८१५ व्होल्ट, म्हणजे ८.१५ मिलिअँपिअर. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे दहा मिलिव्होल्ट किंवा ०.१ मिलिअँपिअर. पेन्सिलीच्या टोकाकडून याहून जास्त अचूकता मागू नये.

एका टेबलावर मात्र रोधावर जेमतेम ४३ मिलिव्होल्ट दिसत होते, म्हणजे ०.४३ मिलिअँपिअर. आलेख आणि मोजमाप यांत वीसपट फरक. दोघांनी डायोड बदलून पाहिला, वायर बदलल्या, फरक पडेना. त्यांच्या पुरवठ्याचा नॉब सैल होता, म्हणून त्यांनी पाच व्होल्टच्या स्थिर पुरवठ्याला दहा किलोओहमचा प्रिसेट लावून, तो फिरवून, मीटरवर बरोबर दीड व्होल्ट आणले होते. ते पाहत होते ते व्होल्टेज खरंच दीड होतं, पण डायोड जोडलेला नसताना.

मी उत्तर सांगितलं नाही. "दोन्ही टोकं मोजलीत का?" एवढंच विचारलं. पहिलं टोक मोजलेलं होतं. दुसरं त्यांनी दीड भागिले शंभर करून कागदावरच काढलं होतं. आता डायोडच्या जागी वायर लावून रोधावरचं व्होल्टेज मोजायला सांगितलं. दीड व्होल्ट यायला हवे होते, आले ६८ मिलिव्होल्ट. दुसरं टोक १५ मिलिअँपिअर नव्हतंच, ०.६८ होतं. प्रिसेटचा वरचा सात किलोओहमचा आणि खालचा तीन किलोओहमचा भाग डायोडच्या बाजूनं पाहता समांतर येतात, त्यांचे २.१ किलोओहम होतात. त्यात शंभर ओहम मिळवले की २.२ किलोओहमची लोड लाइन. ती रेषा काढल्यावर छेदनबिंदू ०.४३ मिलिअँपिअरवरच आला. डायोड निर्दोष होता, मोजमापही बरोबर होतं. चुकीची होती ती रेषा.

दुपारी २
जेवणानंतर पीसवाइज मॉडेल. आलेख काढायला वेळ लागतो, आणि मंडलात दोन-तीन डायोड असतील तर तो फार किचकट होतो. म्हणून वक्राच्या जागी सरळ तुकडे बसवायचे. आपण दोनच तुकडे घेतले: एका व्होल्टेजपर्यंत डायोड बंद, करंट शून्य, त्यानंतर तो म्हणजे एक छोटी बॅटरी आणि एक छोटा रोध.

त्या बॅटरीचे आणि रोधाचे आकडे सकाळच्या रीडिंगमधून काढायचे. पाच आणि दहा मिलिअँपिअरचे बिंदू घेतले. व्होल्टेजचा फरक ३४ मिलिव्होल्ट, करंटचा पाच मिलिअँपिअर, म्हणून रोध ६.८ ओहम. ही रेषा मागे वाढवली की शून्य करंटला ०.६२६ व्होल्टवर पोचते. ती आपली बॅटरी. आता बीजगणित एका ओळीचं: दीडमधून ०.६२६ वजा करा, १०६.८ नं भागा. ८.१८ मिलिअँपिअर. मोजलेल्या ८.१५ शी जवळजवळ तंतोतंत. नुसते ०.७ व्होल्ट धरले तर आठ मिलिअँपिअर येतात, तेही वाईट नाही. डायोड आदर्श धरून शून्य व्होल्ट घेतले तर पंधरा, जवळपास दुप्पट. पुरवठा दीड व्होल्टचा असताना आदर्श डायोड चालत नाही.

यात एक पायरी मुलं हमखास गाळतात. डायोड चालू आहे हे आपण गृहीत धरलंय, ते तपासायला हवं. पुरवठा ०.४ व्होल्ट असता तर याच सूत्रानं उणे २.१ मिलिअँपिअर आले असते. डायोडमधून उलटा करंट, तोही सुलट जोडणीत, हे अशक्य. म्हणजे गृहीतक मोडलं. डायोड बंद धरायचा, करंट शून्य, आणि डायोडवर पूर्ण ०.४ व्होल्ट. ते ०.६२६ पेक्षा कमी आहेत का? आहेत. आता उत्तर सुसंगत. प्रत्यक्षात रोधावर दीड-दोन मिलिव्होल्ट दिसतात, कारण खरा डायोड पूर्ण बंद कधीच होत नाही. मॉडेलनं हा वीस मायक्रोअँपिअरही नसलेला करंट शून्य मानला, इतकंच.

दुपारी साडेतीन
शंभर ओहमचा रोध काढून एक किलोओहमचा लावला. सगळ्यांनी तेच मॉडेल वापरलं: ०.८७ मिलिअँपिअर, डायोडवर ०.६३ व्होल्ट. मोजलं तर ०.९२ मिलिअँपिअर आणि ०.५८ व्होल्ट. करंटमधला फरक पाच-सहा टक्के, खपून जाईल. पण डायोडच्या व्होल्टेजमधले पन्नास मिलिव्होल्ट खपण्यासारखे नाहीत. आमचा तुकडा पाच ते दहा मिलिअँपिअरमध्ये बसवलेला होता आणि आम्ही तो एक मिलिअँपिअरच्याही खाली ताणला. तिथे वक्राचा चढ फार वेगळा आहे.

मग अर्धा आणि एक मिलिअँपिअरचे बिंदू घेऊन नवा तुकडा काढला: ६४ ओहम आणि ०.५२१ व्होल्ट. ०.९७९ भागिले १०६४, ०.९२ मिलिअँपिअर. जुळलं. डायोड तोच, पण त्याचा 'रोध' ६.८ वरून ६४ झाला. एका मुलानं विचारलं, "मग आधी कुठला तुकडा घ्यायचा ते कळणार कसं? उत्तर तर माहीत नाही." हाच खरा प्रश्न. ०.७ व्होल्ट धरून आधी ढोबळ करंट काढायचा, त्या करंटच्या दोन्ही बाजूंचे बिंदू घेऊन तुकडा बसवायचा, आणि आलेलं उत्तर त्या दोन बिंदूंच्या मध्ये पडतं का ते पाहायचं. बाहेर पडलं तर तुकडा बदलायचा.

संध्याकाळी साडेपाच
अंबडच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणारा माझा जुना विद्यार्थी जाता जाता आला. चोवीस व्होल्टच्या इंडिकेटरमध्ये लाल एलईडीऐवजी निळा लावला तर २.२ किलोओहमचा रोध बदलावा लागेल का, एवढंच त्याला हवं होतं. लाल एलईडीवर सुमारे दोन व्होल्ट, निळ्यावर तीन धरले तर करंट दहावरून साडेनऊ मिलिअँपिअरवर येतो. डोळ्याला कळणारही नाही. इथे वक्र, तुकडे कशाचीच गरज नाही, कारण बहुतेक व्होल्टेज रोधच खातो. पाव वॅटचा रोध मात्र बदल, म्हटलं. त्यात दोन दशांश वॅटहून जास्त उष्णता निघतेय आणि बंद पॅनलमध्ये तो भाजतो.

रात्री साडेआठ
जर्नल तपासणं. बऱ्याच पानांवर 'डायोडचा रोध = ६.८ ओहम' अशी सुटी ओळ आहे. मी त्यावर खूण करते. हा आकडा कुठल्या दोन बिंदूंमधून आला ते शेजारी लिहिलेलं नसेल तर तो अपुरा आहे, मग अंतिम उत्तर बरोबर असलं तरी. हा प्रयोग घेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: पट्टी हातात देण्याआधी मुलांकडून लोड लाइनची दोन्ही टोकं मीटरनं मोजून घ्या, आणि मॉडेलच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याची करंटची मर्यादा लिहायला लावा. दोन्हीला मिळून दहा मिनिटं लागतात.